केरोसीनच्या बाटलीत शिरलेले पेट्रोल : खनिज तेलाच्या प्रभाजी ऊर्ध्वपातनाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आज नमुना हाती आला. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अर्ध्या लिटरहून थोडे अधिक कच्चे खनिज तेल आहे. रंग काळपट तपकिरी असून काचपट्टीवर थेंब ओघळला की त्याच्या पातळ कडेला हिरवट झाक दिसते. घनता ०.८५ भरली. या तेलाचे प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करून त्यातून पेट्रोल, केरोसीन आणि डिझेल यांच्या उत्कलन-मर्यादेत बसणारे तीन प्रभाग काढायचे आणि प्रत्येकात किती लांबीच्या कार्बनसाखळ्या उतरल्या ते तपासायचे, असे प्रकल्पाचे स्वरूप ठरले आहे.

प्रभागांच्या सीमा कोठे आखायच्या यावर सरांशी बराच वेळ बोलणे झाले. शेवटी १५० अंश सेल्सिअसपर्यंत पहिला, १५० ते २५० दुसरा आणि २५० पासून तेल सहन करील तेथवर तिसरा, असे ठरवले. सरळ साखळीच्या अल्केनांचे उत्कलनबिंदू पाहिले की या सीमांचा अर्थ लागतो. पाच कार्बनचे पेंटेन ३६ अंशांना उकळते, आठ कार्बनचे ऑक्टेन १२६ ला, नऊ कार्बनचे नोनेन १५१ ला, चौदा कार्बनचे टेट्राडेकेन २५४ ला आणि वीस कार्बनचे आयकोसेन ३४३ ला. म्हणजे १५० ची सीमा नवव्या कार्बनाच्या उंबरठ्यावर पडते आणि २५० ची चौदाव्याच्या. निदान कागदावर तरी पहिल्या बाटलीत पाच ते आठ कार्बन, दुसरीत नऊ ते तेरा-चौदा आणि तिसरीत त्यापुढचे कार्बन यायला हवेत.

साखळी लांबली की उत्कलनबिंदू का चढतो, हेही आत्ताच लिहून ठेवतो. तेल उकळताना रेणूच्या आतले कार्बन-कार्बन बंध तुटत नाहीत, सुटते ती एका रेणूची दुसऱ्या रेणूवरची पकड. हायड्रोकार्बनांमध्ये ही पकड क्षीण असते, कारण इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीमुळे निर्माण होणाऱ्या आकर्षणाखेरीज तेथे दुसरे काही नसते. मात्र हे आकर्षण रेणूच्या संपूर्ण लांबीवर लागू पडते, त्यामुळे साखळीत कार्बनाची एक कडी वाढली की शेजारच्या रेणूला चिकटणारा पृष्ठभाग तेवढा वाढतो आणि रेणूला द्रवातून सुटण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. याच कारणाने फांद्या असलेला रेणू त्याच वजनाच्या सरळ रेणूपेक्षा लवकर उकळतो. आयसोऑक्टेनमध्येही आठच कार्बन असतात, पण आकार गोळीवजा असल्यामुळे ते ९९ अंशांना उकळते, म्हणजे सात कार्बनच्या सरळ हेप्टेनच्या (९८ अंश) पंक्तीत जाऊन बसते. तेव्हा तापमानाने पाडलेली फाळणी कार्बनांच्या संख्येनुसार तंतोतंत पडणार नाही, हे गृहीत धरूनच काम सुरू करीत आहोत.

तीन बाटल्यांवर 'पेट्रोल', 'केरोसीन' आणि 'डिझेल' अशा चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या.

९ जानेवारी

पहिला प्रयत्न फसला. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये १०० मिली तेल आणि चिनी मातीचे चार खडे टाकून हीटिंग मँटलवर हळूहळू तापवायला घेतले. उघडी ज्योत या खोलीत मुळातच वर्ज्य आहे आणि सर्व काम धूरकपाटात चालते. सुरुवातीचे काही मिलिलीटर शांतपणे उतरले. त्यानंतर द्रवाचे तापमान शंभरच्या आसपास पोहोचताच फ्लास्क आतून ठोके मारू लागला, काळा फेस मानेपर्यंत चढला आणि दोन-तीन उसळ्यांत कच्चे तेल थेट कंडेन्सरमध्ये जाऊन मोजपात्रातला स्वच्छ द्रव काळा झाला. मँटल खाली ओढून काम थांबवले.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कंडेन्सरच्या आतल्या भिंतीवर तेलाला न चिकटणारे गोल थेंब दिसत होते, म्हणजे ते पाणी होते. जमिनीखालून तेल येताना त्याबरोबर खारे पाणी येते आणि ते इतक्या बारीक थेंबांच्या पायसरूपात तेलात अडकलेले असते की डबा आठवडाभर स्थिर ठेवला तरी खाली बसत नाही. गरम तेलाने वेढलेला असा थेंब शंभर अंशांवर एकदम वाफ होतो, त्याचे आकारमान हजार पटींहून अधिक वाढते आणि वरच्या तेलाला तो उसळवून लावतो.

शुद्धीकरण कारखान्यात हे काम भट्टीच्या आधीच उरकलेले असते. तेथे तेलात मुद्दाम थोडे स्वच्छ पाणी मिसळून त्यात मीठ उतरवतात आणि दाबाखाली, सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास तापलेले हे मिश्रण विद्युत क्षेत्रातून नेतात, म्हणजे बारीक थेंब एकत्र येऊन खाली बसतात. केवळ पाणी काढणे हा त्यामागचा हेतू नसतो. मिठातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडे भट्टीच्या उष्णतेत पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतात आणि ते ऊर्ध्वपातन स्तंभाच्या माथ्याकडे, जेथे पाणी पुन्हा द्रवरूप होते तेथे, आम्ल बनून पोलाद खाते.

आमच्याकडे विद्युत क्षेत्र नाही. उरलेल्या, ४०० मिलीहून थोड्या अधिक तेलात पायस फोडणाऱ्या द्रव्याचे काही थेंब टाकले, वर परतवाह कंडेन्सर बसवून (नाहीतर हलका भाग उडून जाईल) ६० अंशांच्या जलतापकात दोन तास ठेवले आणि नंतर विलगक नरसाळ्यात रात्रभर निवळू दिले.

१० जानेवारी

नरसाळ्याच्या तळाशी सुमारे ५ मिली गढूळ पाणी साचले होते. चवीचा प्रश्नच नव्हता, पण सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकताच दाट पांढरा अवक्षेप आला, तेव्हा ते खारे होते याबद्दल शंका राहिली नाही. वरचे तेल निर्जल सोडियम सल्फेटवर ठेवून गाळून घेतले.

१३ जानेवारी

आज तेलाला हात लावण्याआधी तापमापक तपासला, आणि तपासला हे बरेच झाले. उत्कलनबिंदू माहीत असलेले टोल्युइन (१११ अंश) साध्या मांडणीत उकळले तर तापमापक १०४ वर स्थिरावला. उपकरणात दोष नव्हता. त्याचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर वर राहिला होता, त्यामुळे बाष्प फुग्यापर्यंत पूर्ण पोहोचण्याआधीच नळीकडे वळत होते. फुग्याची वरची कड नळीच्या खालच्या कडेला समांतर येईल इतका तापमापक खाली घेतल्यावर वाचन ११० आले आणि फुग्यावरून द्रवाचे थेंब सतत ओघळताना दिसू लागले. हे ओले आवरण फुग्यावर दिसले म्हणजे बाष्प आणि द्रव समतोलात असल्याची खात्री पटते. फुगा कोरडा दिसत असेल तर वाचनावर विश्वास ठेवू नये.

सात अंशांची ही चूक तशीच राहिली असती तर सगळ्या सीमा वर सरकल्या असत्या आणि आम्ही १५० समजून १५७ च्या पुढे कापत राहिलो असतो.

१६ जानेवारी

साधे ऊर्ध्वपातन, स्तंभाविना. निवळलेले तेल २०० मिली. मोजपात्र बर्फात ठेवले होते आणि मिनिटाला चार मिलिलीटरच्या आसपास वेग ठेवला.

पहिला थेंब ४१ अंशांना पडला. त्यानंतर तापमापक एकदाही थांबला नाही. शुद्ध पदार्थ उकळताना पारा एका आकड्यावर खिळून राहतो, पण येथे शेकडो संयुगे एकमेकांत विरघळलेली असल्यामुळे हलका भाग निघून जाईल तसा मागे उरलेल्या द्रवाचा उत्कलनबिंदू सतत चढत राहतो. 'पेट्रोलचा उत्कलनबिंदू किती' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर का देता येत नाही, ते या न थांबणाऱ्या पाऱ्याकडे पाहताना चांगले समजते.

१५० अंशांपर्यंत ३८ मिली उतरले, ते पाण्यासारखे स्वच्छ होते. १५० ते २५० दरम्यान ४६ मिली उतरले, त्याला अगदी फिकट पिवळी छटा होती. पुढचा प्रभाग गडद पिवळा होत गेला आणि ३३२ अंशांवर तापमापक चढायचा थांबून उलट उतरू लागला, जरी मँटलची उष्णता वाढवलेली होती. त्याच वेळी फ्लास्कच्या मानेत पांढरट धूर दिसला आणि कंडेन्सरच्या टोकाकडून उग्र, कुजकट वास आला. मँटल लगेच बंद केला. तिसरा प्रभाग ३८ मिली, फ्लास्कमधील अवशेष ७२ मिली आणि हिशेबात न येणारे ६ मिली, ज्यातले बहुतेक बर्फातही न थिजलेले हलके वायू असावेत.

तापमापक उतरण्याचा अर्थ तेल संपले असा नव्हता. फ्लास्कमधील द्रवाचे तापमान त्या वेळी ३६० च्या पुढे गेले होते. इतक्या उष्णतेत लांब साखळ्या उकळण्याऐवजी मध्येच तुटू लागतात, त्यांतून लहान रेणू आणि वायू निघतात आणि बाष्पाचे तापमान ढासळते. रेणूंची परस्परांवरची पकड सुटणे आणि रेणूच मोडणे या दोन गोष्टींमधली सीमा आज डोळ्यांसमोर ओलांडली गेली. कारखान्यात भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान साधारण ३५० ते ३७० अंशांच्या पुढे नेत नाहीत ते याच कारणाने. तळाशी उरलेला अवशेष दुसऱ्या, निर्वात स्तंभात पाठवतात, जेथे दाब वातावरणाच्या अगदी लहान अंशावर आणल्यामुळे तोच जड द्रव न मोडता उकळतो.

१७ जानेवारी

तिन्ही बाटल्या तपासल्या. पेट्रोल आणि डिझेल अपेक्षेप्रमाणे वाटले, केरोसीनने मात्र निराशा केली. झाकण उघडताच पेट्रोलचा वास आला. बंद कपाच्या छोट्या फ्लॅश उपकरणात (त्याला २ मिली नमुना पुरतो) थंड करून ठेवलेला नमुना तापवत नेला तर २२ अंशांनाच ठिणगीला ज्योतीने उत्तर दिले. दिव्यात किंवा स्टोव्हमध्ये वापरायच्या केरोसीनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे बाष्प ठिणगीने पेट घेऊ लागते ते तापमान, ३५-४० अंशांच्या खाली असून चालत नाही. २२ अंशांना पेटणाऱ्या बाष्पाचा अर्थ असा की अशी बाटली उघडी ठेवली तर साध्या खोलीच्या तापमानालाही तिच्या तोंडाशी पेट घेईल इतके बाष्प साचेल.

शुद्ध संयुगांशी तुलना केली की संशय कोठे न्यायचा ते कळते. ऑक्टेनचा फ्लॅश पॉइंट १३ अंश, नोनेनचा ३१ आणि डेकेनचा ४६ आहे. १५० अंशांच्या पुढे जमा केलेल्या प्रभागात नोनेनपेक्षा हलके काही नसते तर २२ हा आकडा येण्याचे कारणच नव्हते.

दुपारी वायू वर्णलेखनाच्या, म्हणजे मिश्रणातली संयुगे वेगळी करून आलेखावर एकेक टोक उमटवणाऱ्या, यंत्रावर नमुना चालवला. आलेखात सरळ अल्केनांची टोके कंगव्याच्या दातांसारखी समान अंतराने उभी राहतात, त्यामुळे कार्बन मोजणे सोपे जाते. मधल्या भुरकट उंचवट्यात फांद्यांची आणि कड्यांची असंख्य संयुगे लपलेली असतात, त्यांची ओळख या स्तंभावर पटणार नाही. केरोसीनच्या बाटलीत सात कार्बनपासून सतरा कार्बनपर्यंत सगळे दात दिसले. सर्वांत उंच दात दहा ते बारावर होते, पण दोन्ही बाजूंना लांब शेपट्या होत्या. सरांनी आलेखाकडे पाहून एवढेच विचारले, "वाटेत बाष्प किती वेळा थिजले?" उत्तर 'एकदाच' असे होते आणि तेच कारण होते.

२० जानेवारी

सरांचा प्रश्न आकड्यांत सोडवून पाहिला. शेकडो संयुगांऐवजी दोनच घेतली : ऑक्टेन (१२६ अंश) आणि डेकेन (१७४ अंश), समान मोल. हे मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे १४३ अंशांना उकळू लागते, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही स्वतःच्या उत्कलनबिंदूला नव्हे. त्या तापमानाला शुद्ध ऑक्टेनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे १२०० मिमी असतो आणि डेकेनचा ३२० मिमी. द्रवात प्रत्येकाचा वाटा निम्मा असल्यामुळे राऊल्टच्या नियमाने ऑक्टेनचे ६०० आणि डेकेनचे १६० असे मिळून ७६० होतात, म्हणून मिश्रण उकळते. आता बाष्पातला ऑक्टेनचा वाटा ७६० पैकी ६००, म्हणजे ७९ टक्के.

मुद्दा येथेच आहे. आपण निम्म्या मिश्रणापासून सुरुवात केली आणि उत्कलनबिंदूंत ४८ अंशांचे घसघशीत अंतर असूनही पहिल्याच थेंबात २१ टक्के डेकेन आले. जड रेणू आपला उत्कलनबिंदू येण्याची वाट पाहत बसत नाही, त्याचा जो काही बाष्पदाब असेल तेवढा वाटा घेऊन तो आधीच वर निघतो. उलट बाजूने हलका रेणूही पूर्णपणे निघून जात नाही, शेवटपर्यंत थोडा द्रवात रेंगाळतो. १५० ची सीमा ओलांडली तेव्हा आमच्या फ्लास्कमध्ये सात-आठ कार्बनवाले रेणू याच कारणाने शिल्लक होते आणि ते केरोसीनच्या बाटलीत शिरले.

हे ७९ टक्क्यांचे बाष्प थिजवून तोच द्रव पुन्हा उकळला तर ऑक्टेनचा वाटा ९३ टक्क्यांच्या आसपास जातो आणि आणखी एकदा केले तर ९८ च्या. म्हणजे तीन पायऱ्यांत जे साधते ते एका पायरीत कितीही सावकाश तापवले तरी साधत नाही. प्रभाजी स्तंभ नेमक्या याच पायऱ्या एकावर एक रचतो. वर चढणारे बाष्प प्रत्येक पायरीवर खाली उतरणाऱ्या द्रवाला भेटते, त्याला उष्णता देऊन जड भाग द्रवात सोडते आणि त्या उष्णतेने द्रवातला हलका भाग उकळून वर जातो. मात्र खाली उतरायला द्रव असेल तरच हे घडते, आणि हा द्रव माथ्यावरून परत सोडावा लागतो. सगळे बाष्प लगेच बाहेर काढून घेतले तर स्तंभ ही एक उंच रिकामी नळी ठरते. हा परतवाह विसरून केवळ स्तंभाची उंची वाढवण्याची चूक मी स्वतः आराखड्यात केली होती, ती आज खोडली.

२३ जानेवारी

काचेच्या लहान कड्यांनी भरलेला ४० सेंमीचा स्तंभ बसवला. मागच्या तुकडीने त्याची मोजणी करून ठेवली आहे, तो सुमारे आठ सैद्धांतिक तबकड्यांइतके, म्हणजे उकळण्या-थिजण्याच्या आठ पायऱ्यांइतके, काम करतो. कारखान्यातल्या स्तंभात तीस-चाळीस किंवा अधिक प्रत्यक्ष तबकड्या असतात, त्यामानाने हा बराच ठेंगणा आहे. बाहेरून काचलोकर गुंडाळली, कारण भिंतीतून उष्णता गेली तर बाष्प नको तेथे थिजते.

सुरुवातीला घाई नडली. उष्णता अधिक दिल्यामुळे चढणाऱ्या बाष्पाने उतरणारा द्रव अडवून धरला, कड्यांच्या मध्यावर द्रवाचा थर साचून बुडबुडे काढू लागला आणि माथ्याचे तापमान झटके देऊ लागले. स्तंभ 'भरला' की विलगीकरण जवळजवळ थांबते, कारण बाष्प आणि द्रव शेजारून जाण्याऐवजी एकमेकांना ढकलू लागतात. मँटल कमी करून थर खाली उतरू दिला, मग अर्धा तास काहीच बाहेर न काढता पूर्ण परतवाहावर ठेवले. त्यानंतर पाच भाग परत आणि एक भाग बाहेर या प्रमाणात गोळा करायला सुरुवात केली. मागच्या वेळी संपूर्ण काम तासाभरात आटोपले होते, आज पहिल्या दोन प्रभागांनाच जवळजवळ सहा तास लागले.

त्याच २०० मिली तेलातून १५० पर्यंत ४२ मिली आणि १५० ते २५० दरम्यान ४४ मिली मिळाले. त्यापुढे स्तंभ काढून टाकला, कारण माथा आणि तळ यांच्या तापमानात मोठी तफावत पडते आणि माथा ३०० ला नेण्याआधीच तळाचे तेल मोडू लागले असते. स्तंभ थंड करून त्यात अडकलेला द्रव फ्लास्कमध्ये उतरवून घेतला आणि ३२५ पर्यंत साध्या पद्धतीने ४० मिली डिझेल प्रभाग काढला. अवशेष ७० मिली.

२४ जानेवारी

नव्या केरोसीन प्रभागाचा फ्लॅश पॉइंट ४४ अंश आला. वर्णलेखनात सात कार्बनचा दात नाहीसा झाला आहे, आठचा जेमतेम दिसतो आणि नऊ ते चौदा हे सहा दात ठसठशीत उभे आहेत. पंधराचाही एक आखूड दात आहे. त्याच तेलातून, त्याच तापमानांच्या सीमांत, जवळजवळ तेवढाच द्रव मिळाला, पण पहिली बाटली धोकादायक आणि दुसरी वापरण्याजोगी ठरली.

स्तंभाविना काढलेल्या केरोसीनच्या बाटलीतले ३० मिली वेगळे घेऊन त्यावर एक छोटा प्रयोग केला. ते १२० अंशांवर ठेवून त्यातून अर्धा तास नायट्रोजनचा बारीक प्रवाह बुडबुडवला. बुडबुड्यात हायड्रोकार्बनांचा आंशिक दाब कमी राहतो, त्यामुळे हलके रेणू आपल्या उत्कलनबिंदूच्या बरेच खाली असताना बाहेर पडतात. ३ मिली घटले आणि फ्लॅश पॉइंट २२ वरून ४१ ला गेला. म्हणजे दहा टक्के द्रवाने सगळ्या बाटलीचा स्वभाव बिघडवला होता, कारण फ्लॅश पॉइंट सरासरीने ठरत नाही, जे रेणू सर्वांत आधी उडतात त्यांच्यावर ठरतो. कारखान्यातल्या मुख्य स्तंभाच्या बाजूला केरोसीन आणि डिझेलसाठी लहान उपस्तंभ लावलेले असतात, त्यांत वाफ सोडून हेच केले जाते आणि निघालेला हलका भाग मुख्य स्तंभात परत जातो. बाजूच्या तबकडीवरून काढलेल्या द्रवाला वर जाणाऱ्या सगळ्या हलक्या बाष्पाचा सहवास घडलेला असतो, त्यामुळे तो आपोआप स्वच्छ असू शकत नाही.

२७ जानेवारी

केरोसीन आणि डिझेल यांच्यामधली सीमा मात्र आजही पुसट आहे. डिझेल प्रभागात बारा-तेरा कार्बनचे दात दिसतातच. याला काही अंशी आमची पद्धत कारण आहे, पण निसर्गाचाही त्यात हात आहे. साखळी लांबत जाते तशी लागोपाठच्या अल्केनांच्या उत्कलनबिंदूंतली दरी अरुंद होत जाते. पाच आणि सहा कार्बनमध्ये ती ३३ अंशांची आहे, नऊ आणि दहामध्ये २३ ची आणि पंधरा-सोळामध्ये केवळ १६ ची, कारण आखूड साखळीत एका कडीची भर मोठी ठरते आणि लांब साखळीत तीच कडी नगण्य होते. त्यातच फांद्यांच्या समघटकांची संख्या भरमसाट वाढते. एकट्या दहा कार्बनच्या अल्केनचे ७५ समघटक संभवतात, त्यामुळे दऱ्या जवळजवळ बुजून जातात.

बाटल्या बर्फात ठेवून पाहिल्या. पेट्रोल आणि केरोसीन स्वच्छ राहिले, डिझेल प्रभागात काही मिनिटांत धूसर ढग दिसला आणि काडीने ढवळल्यावर पांढऱ्या सुया फिरताना दिसल्या. सोळा कार्बनचे सरळ हेक्साडेकेन १८ अंशांनाच गोठते, वीस कार्बनचे ३७ च्या आसपास. सोबतच्या द्रवात विरघळल्यामुळे ते इतक्या लवकर सुटत नाहीत, पण शून्याजवळ मेणाच्या रूपाने बाहेर पडतात. गंमत म्हणजे डिझेल इंजिनाला याच सरळ साखळ्या हव्या असतात. दाबल्या गेलेल्या गरम हवेत त्या ठिणगीविना लवकर पेटतात, म्हणून हेक्साडेकेनला सीटेन मोजपट्टीवर १०० धरले आहे. पेट्रोल इंजिनात याच्या अगदी उलट, आपोआप न पेटणे हा गुण असतो, आणि तेथे सरळ हेप्टेनला शून्य तर फांद्यांच्या आयसोऑक्टेनला १०० ऑक्टेन दिले आहेत. थंड हवामानात डिझेलमध्ये केरोसीनच्या सीमेवरचा भाग मुद्दाम सोडतात, म्हणजे मेण सुटण्याचे तापमान खाली जाते. कारखान्याच्या दृष्टीने हा मधला पट्टा गरजेप्रमाणे दोहोंपैकी कोणत्याही बाजूला सरकवता येतो.

यावरून पहिल्या बाटलीबद्दलही एक दुरुस्ती करायला हवी. १५० पर्यंत उतरलेल्या आमच्या द्रवात सरळ पेंटेन ते ऑक्टेनचे दात भरपूर आहेत, तेव्हा त्याचा ऑक्टेन अंक चांगला असण्याची शक्यता नाही. हा नॅफ्था आहे. पंपावरचे पेट्रोल बनण्याआधी त्यातल्या साखळ्यांची पुनर्रचना करून त्यांना फांद्या आणि बेंझीनसारखी कडी द्यावी लागतात व इतर प्रवाहांशी मिसळावे लागते. ऊर्ध्वपातनाने रेणू वेगळे होतात, बदलत नाहीत.

२९ जानेवारी

प्रदर्शनासाठी बाटल्या मांडल्या. पहिल्या दिवशी लावलेल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि नव्या लिहिल्या. पहिल्या बाटलीवर 'नॅफ्था, १५० अंशांपर्यंत, आठ तबकड्या, परतवाह पाचास एक' असे आहे. दुसऱ्या क्रमांकावर आता दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत : 'केरोसीन मर्यादा, १५० ते २५०, स्तंभाविना, फ्लॅश २२' आणि 'केरोसीन मर्यादा, १५० ते २५०, स्तंभासह, फ्लॅश ४४'. रंगाने त्या दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे पहिलीच्या झाकणावर लाल पट्टी चिकटवून ती प्रयोगशाळेतल्या मामांच्या हवाली कुलपाच्या ज्वालाग्राही कपाटात ठेवायला दिली. प्रदर्शनात तिच्या जागी तिचा वर्णलेख लावणार आहोत.